अर्धा नॅनोमीटर

"पहले चाय पी लीजिए, शुभदा जी. काग़ज़ कहीं भागा नहीं जा रहा," सरोज श्रीवास्तव म्हणाल्या आणि रिपोर्ट त्यांनी टेबलावर पालथा घातला.

शुभदा हर्डीकरने चहा घेतला. सरोजबाई उत्तरेतल्या या संशोधन संस्थेच्या मध्यवर्ती उपकरण विभागाच्या प्रमुख होत्या. वीस वर्षांत त्यांनी कुणाचा आकडा फिरवला नव्हता आणि कुणाला चहाशिवाय परत पाठवलं नव्हतं. त्या आधी चहा पाजताहेत म्हणजे बातमी चांगली नाही, एवढं संस्थेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रबंध सादर होण्याआधी विद्यार्थ्याचे तीन नमुने या विभागात पुन्हा मोजायचे, असा नियम संस्थेनं दोन वर्षांपूर्वी केला होता. या वेळी पाळी सावनी जगदाळेची होती. सावनी ही शुभदाची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष. तिचं काम कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोकणांवर होतं. हे कण इतके बारीक, की एका केसाच्या जाडीवर पंधरा-वीस हजार कण ओळीनं बसावेत. द्रावणात ते काचेच्या छोट्या बाटलीत राहतात. अतिनील दिवा धरला की बाटली उजळते, आणि ती कुठल्या रंगानं उजळते हे कणाच्या आकारावर ठरतं. पदार्थ तोच, कृती तीच, फक्त भट्टीवर ठेवायचा वेळ कमी-जास्त. मोठे कण लाल, त्याहून लहान नारिंगी, पिवळे, हिरवे.

सरोजबाईंनी कागद सरळ केला.

"थीसिस में लिखा है ६१२. हमें मिला ५९९. लिखा है ५८८, मिला ५६८. और ये तीसरा, ५६३ वाला, ये तो ५२८ पर बैठा है. उन्होंने पीला लिखा, हमारे यहाँ हरा निकला."

शुभदाने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. आकडे प्रकाशाच्या तरंगलांबीचे होते. आकडा खाली येणं म्हणजे रंग निळ्याच्या दिशेनं सरकणं.

"आणि मशीन?" ती म्हणाली. मग हिंदीत, "मशीन देख ली?"

"मैंने ख़ुद देखी. मशीन बिगड़ती तो तीनों को एक-सा खिसकाती. तेरह, बीस, पैंतीस. ऐसे कोई मशीन नहीं बिगड़ती, ऐसे तो आदमी बिगड़ता है." सरोजबाई हसल्या नाहीत. "चमक भी आधी रह गई है. कहीं ऑक्सिडाइज़ तो नहीं हो गए?"

"नहीं. हमारे यहाँ सारे सैंपल नाइट्रोजन में रहते हैं, ग्लव-बॉक्स में."

ग्लव-बॉक्स म्हणजे नायट्रोजननं भरलेली बंद पेटी, जिच्यात हवा शिरत नाही. हे वाक्य शुभदाने अकरा वर्षांत इतक्या शोधनिबंधांत लिहिलं होतं, की ते बोलण्यासाठी तिला काही आठवावं लागलं नाही. सरोजबाईंनी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं आणि शुभदाने त्याखाली सही केली.

"शुक्रवार को कमेटी है," सरोजबाई म्हणाल्या. "तब तक कोई वजह मिल गई तो ठीक. नहीं मिली तो डेटा की जाँच बैठेगी, और वो लड़की के नाम पर बैठेगी. आप जानती हैं, बाद में छूट भी जाए तो भी नाम के साथ चिपक जाती है."

दिवस मंगळवार होता.

*

सावनी प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होती. उंच, सावळी, बोलायला मोजकी. वडील सैन्यात असल्यामुळे चार राज्यांत शाळा झाली होती. घरची भाषा मराठी. शुभदा तिच्याशी मराठीतच बोलायची, ती ऐकायची मराठी आणि उत्तर द्यायची हिंदीत. पाच वर्षांत दोघींनाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

शुभदाने रिपोर्ट दाखवला. सावनीने हात पुसले, कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला.

"ये कैसे हो सकता है, मॅम?"

"लेबलं इकडची तिकडे झाली असतील का?"

"नहीं."

"एकदा बघून सांग."

"देखने की ज़रूरत नहीं है, मॅम. ५२८ का तो मेरे पास कोई बैच ही नहीं है. सीरीज़ में सबसे छोटा यही ५६३ वाला है. अदला-बदली किससे होगी?"

हे बरोबर होतं. शुभदालाही ते सुचायला हवं होतं. तिनं चष्मा काढला आणि पुन्हा लावला. सावनीच्या आलेखातले बिंदू तिला आठवत होते. सहाशे बारा, पाचशे अठ्ठ्याऐंशी, पाचशे त्रेसष्ट. चोवीस-पंचवीसच्या टप्प्यानं उतरत आलेले. किती छान अंतरं पडलीत, असं चार महिन्यांपूर्वी तीच म्हणाली होती.

"सावनी, मी रागावणार नाही. वहीत उतरवताना कुठे काही ठीकठाक केलं होतंस का? आकडे एका रेषेत यावेत म्हणून?"

सावनीने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि उरलेली दोन भांडी धुवून वाळत घातली.

"जो नोटबुक में है, वही है," ती म्हणाली आणि बॅग उचलून निघाली.

बुधवारी ती आली नाही. फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं.

शुभदा आपल्या खोलीत वही घेऊन बसली. सावनीच्या वहीत खाडाखोड होती, आणि ती तशीच ठेवलेली होती. चुकलेल्या बॅचवर एक आडवी रेघ आणि पुढे कारण. तापमान दोनशे चाळीसच्या वर गेलं. सुई अडली. ज्या बॅचवर प्रबंध उभा होता तिच्या पानावर तीन मोजमापं होती, तीन वेगळ्या दिवसांची, आणि तिन्हींत एखाद्या आकड्याचा फरक. आकडे बनवणारा माणूस एवढा फरक ठेवतो का? की मुद्दाम ठेवतो? हा दुसरा प्रश्न मनात आला आणि शुभदाला स्वतःचीच लाज वाटली. पण एकदा आलेला प्रश्न जात नाही. तिनं सावनीची आणखी तीन पानं तपासली आणि एव्हाना आपण चुका शोधतो आहोत, कारण शोधत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

गुरुवारी सकाळी ती इंदिरा नगरहून रिक्षाने तेलीबागला सावनीच्या घरी गेली. वही, रिपोर्ट आणि प्रबंधाचा कच्चा खर्डा पिशवीत होता.

*

छावणीच्या पलीकडे तेलीबागेत निवृत्त फौजी लोकांची घरं आहेत. जगदाळ्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार वडिलांनी उघडलं. दत्तात्रय जगदाळे सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पण मुलीचं शिक्षण इथं चाललेलं म्हणून इथंच राहिले.

"या मॅडम. सावनी आंघोळ करतीय. बसा." त्यांनी खुर्चीवरचे बांबूचे तुकडे खाली ठेवले. "हा पसारा माझा. रिटायर झाल्यापासून बासऱ्या करतोय. हिची आई म्हणते, घरात पाऊल ठेवलं की बांबू टोचतो."

त्यांनी पाणी आणून दिलं, समोर बसले आणि जरा वेळानं सरळ विचारलं.

"पोरीनं काही चुकीचं केलंय का?"

"मला माहीत नाही," शुभदा म्हणाली. "म्हणूनच आलेय."

"ती म्हणते, नाही केलं."

"हो."

"मला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरणार नाही, तेही कळतंय मला. तुमचं काम कागदाचं." ते थांबले. "मला एक सांगा. रंग बदलला, रंग बदलला, एवढंच ती दोन दिवस म्हणतीय. रंग बदलला म्हणजे काय झालं? रंग काही टाकतात का त्यात?"

"नाही. रंग टाकत नाही आम्ही." शुभदाने सवयीप्रमाणे पेन काढलं. "कणावर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो. तो उठला की मागे रिकामी जागा राहते. दोघांमध्ये ओढ असते, ते एकमेकांभोवती राहतात. त्यांना मोकळेपणी राहायला अकराएक नॅनोमीटर जागा लागते. मोठ्या स्फटिकात ती मिळते. पण आम्ही स्फटिकच तीन-चार नॅनोमीटरचा केला, तर?"

"कोंडले."

"कोंडले. आणि इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. लाट जेवढ्या लहान जागेत कोंडाल तेवढी तिची ऊर्जा वाढते. इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी पडला की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. कमी ऊर्जेचा प्रकाश लाल, जास्तीचा हिरवा, निळा. म्हणून कण जितका लहान, तितका रंग निळ्याकडे."

दत्तात्रय मोठ्यांदा हसले. "हात्तिच्या. हे तर आमचंच झालं की. लांब बासरी खर्जात, आखूड बासरी वरच्या पट्टीत. आतली हवा कोंडायची, दुसरं काय."

"अगदी तसंच नाही, पण बरंचसं तसंच."

"मग तुमच्या कणांचा सूर चढलाय."

"तिघांचाही. पण सारखा नाही चढलेला, तीच तर अडचण आहे. मोठ्याचा थोडा, मधल्याचा जास्त, लहान्याचा खूपच. एका कारणानं झालं असतं तर सारखं व्हायला हवं होतं."

"का बरं?"

"म्हणजे?"

दत्तात्रयांनी खाली ठेवलेल्या तुकड्यांतून तीन बासऱ्या उचलून मांडीवर ठेवल्या. एक हातभर, एक त्याहून आखूड, एक वीतभर.

"या तिन्हीचं एकेक बोट टोक मी कापलं. सारखंच कापलं. तर या मोठीला फारसं कळायचंही नाही. मधलीला कळंल. आणि ह्या बारकीचा सूरच पार दुसरा होईल. हिच्यात होतंच किती, की एक बोट गेलेलं सोसंल? नवीन असताना मी अशा चार बारक्या वाया घालवल्यात, मोठीच्या अंदाजानं कापून."

शुभदाने पेन उघडंच धरलं होतं. तिनं पिशवीतून प्रबंध काढला. आकार आणि रंग यांचं नातं सांगणारी वक्ररेषा चौथ्या प्रकरणात होती, एकशे सातव्या पानावर. कणाचा आकार वाढत जाईल तशी ही रेषा सपाट होत जाते आणि लहान आकारांकडे झपकन उतरते. बासरीपेक्षाही जास्त तीव्रपणे. हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. तरीही मंगळवारी सरोजबाईंच्या खोलीत तिनं तीन वेगळे आकडे ऐकले आणि तीन वेगळी कारणं शोधली.

तिनं रिपोर्टमधले शोषणाचे, म्हणजे कण कुठला प्रकाश शोषतात याचे, आकडे घेतले आणि वक्ररेषेवरून आकार वाचायला सुरुवात केली. पहिली बाटली, प्रबंधाप्रमाणे साडेचार नॅनोमीटर. सरोजबाईंच्या मोजणीप्रमाणे चार. दुसरी, तीन पूर्णांक सात. आता तीन पूर्णांक दोनच्या जरा खाली. तिसरी, तीन. आता अडीच.

तिनं वजाबाकी केली. मग परत केली.

सावनी ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली होती आणि दाराशीच उभी राहिली होती. ती जवळ आली, पण नमस्कार वगैरे केला नाही. कागदावरचे तीन आकडे तिनं मागून वाचले.

"तीनों में आधा नॅनोमीटर," ती म्हणाली.

"हो."

"मतलब हर तरफ़ से पाव. ऊपर की एक परत भी पूरी नहीं." तिचा आवाज बदलला होता. पाच वर्षं प्रयोगशाळेत असायचा तसा, घाईचा आणि स्वच्छ. "ये घिस गए हैं, मॅम. हवा और रोशनी लगी है. सेलेनियम ऑक्सिडाइज़ होकर निकल गया. चमक भी इसीलिए गिरी. पर ग्लव-बॉक्स में हवा कहाँ से आएगी? प्रेशर तो मैंने जाने से पहले देखा था, ऑक्सिजन एक पीपीएम से नीचे थी."

शुभदाने पेनला टोपण लावलं. उत्तर तिच्यापाशी होतं, आणि ते आत्ता नव्हतं आलेलं. ते तिथंच होतं, सगळा वेळ. फक्त तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

"ग्लोव्हबॉक्समधल्या दिल्याच नाहीत मी," ती म्हणाली.

"जी?"

"तू साताऱ्याला लग्नाला गेली होतीस. सरोजबाईंचं पत्र आलं, दोन दिवसांत नमुने द्या म्हणून. त्या दिवशी बॉक्सचं शुद्धीकरण चालू होतं, उघडता येत नव्हता. मग माझ्या खिडकीतल्या दिल्या."

शुभदाच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत, बाटल्यांची एक ओळ असायची. डिसेंबरात सावनीने या बॅच केल्या तेव्हा प्रत्येकीतला थोडा भाग शुभदाने मागून घेतला होता. विज्ञान दिनाला शाळेची मुलं यायची, कधी मंत्रालयातलं कुणी, कधी कुणाचे आईवडील. ती पडदा ओढायची, अतिनील टॉर्च लावायची आणि ओळीतल्या बाटल्या एकामागून एक पेटल्यासारख्या उजळायच्या. लेबलं सावनीच्याच अक्षरातली, तारीख तीच, बॅचचा क्रमांक तोच. शुभदाच्या लेखी त्या बाटल्या आणि बॉक्समधल्या बाटल्या एकच होत्या. चार महिन्यांत त्यांचे रंग सरकले होते, पण सगळे मिळून सरकले. पहिली अजूनही सगळ्यांत लालसर होती, शेवटची सगळ्यांत हिरवट. ओळीचा क्रम मोडला नाही, म्हणून रोज पाहूनही तिला काही दिसलं नव्हतं.

"पर वो तो बंद थे न?" सावनी म्हणाली. "रबर का सेप्टम लगाकर दिए थे मैंने."

"झाकणं मी बदलली. द्रावणातलं हेक्सेन उडून जायचं, पातळी खाली यायची. मी भर घालत होते."

"कितनी बार?"

"दर पंधरा दिवसांनी. कमी दिसलं की."

"सूखा वाला? डिगैस किया, हवा निकाला हुआ?"

"नाही. सिंकजवळच्या बाटलीतलं. भांडी धुवायचं."

सावनी खाली बसली. दत्तात्रय एकीकडून दुसरीकडे पाहत होते.

"खिडकीची काच अतिनील किरण बरेचसे अडवते, एवढं माझ्या डोक्यात होतं," शुभदा म्हणाली. तिला आपलं स्पष्टीकरण ऐकू येत होतं आणि ते आवडत नव्हतं. "पण त्यांना अतिनील लागतच नाही. हे कण निळा, हिरवा, सगळा शोषतात. साधं सकाळचं ऊन पुरतं."

"ये तो आप ही ने पढ़ाया था."

"हो."

"और सरोज मॅम को आपने क्या कहा?"

"नायट्रोजनमध्ये असतात म्हणून. लिहून दिलं."

सावनीने टॉवेल सोडला आणि हातात घट्ट पिळला. "उन्होंने पूछा था. ऑक्सिडाइज़ हुए क्या, ये पूछा था उन्होंने. और आपने मना किया. फिर लॅब में आकर मुझसे पूछा कि मैंने नंबर ठीक किए क्या."

"सावे, आवाज," दत्तात्रय म्हणाले.

"बोलू द्या तिला," शुभदा म्हणाली.

पण सावनीने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिनं विचारलं, "बॉक्स वाले अभी भी वहीं हैं?"

"असतील. मी हात लावलेला नाही."

"आप लगाइएगा भी मत," सावनी म्हणाली आणि केस बांधायला उठली.

दत्तात्रय म्हणाले, "मॅडम, दोन घास खाऊन जा. ही पण सकाळपासून उपाशी आहे."

*

दुपारी दोन वाजता सावनीने ग्लोव्हबॉक्सच्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घातले. शुभदा काचेबाहेर उभी होती. आतल्या कप्प्यात, काळ्या कागदात गुंडाळलेल्या तिन्ही बाटल्या जिथे असायला हव्या तिथे होत्या. सावनीने प्रत्येकीतला थोडा भाग मोजायच्या नळीत आतच भरला, आतच बूच लावलं आणि नळ्या काळ्या कागदात गुंडाळून बाहेर काढल्या.

त्या तिघींनी मिळून मोजल्या. म्हणजे सरोजबाईंनी मोजल्या, आणि या दोघी मागे उभ्या राहिल्या, कारण सरोजबाई मशीनला कुणाचा हात लागू देत नसत. पडद्यावर आलेखाची पहिली टेकडी चढली.

"छह सौ ग्यारह," सरोजबाई म्हणाल्या.

दुसरीला थोडा वेळ लागला. पाचशे अठ्ठ्याऐंशी. तिसरी नळी सरोजबाईंनी ठेवली तेव्हा सावनी पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"पाँच सौ बासठ. लिखा है तिरसठ." सरोजबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एक का फ़र्क़ तो मेरी बीपी की मशीन में भी आता है."

सावनी हसली नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि वडिलांना फोन लावला. "हाँ बाबा. तीनों." एवढंच बोलली.

सरोजबाईंनी जुना रिपोर्ट पुढे ओढला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "शुभदा जी, मैं लिख देती हूँ कि ग़लत सैंपल चले आए थे. इतना काफ़ी है. किससे, कैसे, ये कोई नहीं पूछेगा. आपका प्रमोशन भी तो इसी कमेटी के पास है."

शुभदाने खिडकीकडे पाहिलं. सावनीची पाठ होती. तिनं ऐकलं होतं की नाही ते कळत नव्हतं.

"ग़लत सैंपल चले आए, असं लिहिलं तर लोक समजतील सावनीने पाठवले," ती म्हणाली. मग तेच हिंदीत सांगितलं. "सैंपल उसके थे, तो ग़लती भी उसी की, यही मान लेंगे. मैं लिखती हूँ."

तिनं तिथेच, सरोजबाईंच्या टेबलावर बसून लिहिलं. इंग्रजीत, कारण समितीची भाषा ती होती. नमुने विद्यार्थिनीच्या गैरहजेरीत मी दिले. ते प्रकाशात व हवेत चार महिने होते. त्यात मी साधं हेक्सेन वेळोवेळी मिसळलं. नमुने नायट्रोजनमध्ये ठेवल्याचं माझं मंगळवारचं लेखी विधान खोटं होतं. मी ते न तपासता केलं. खाली तिन्ही आकारांचा तक्ता, आधीचा आणि नंतरचा, आणि अर्ध्या नॅनोमीटरचा फरक.

"फ़ॉल्स?" सरोजबाईंना तो शब्द वाचून बरं वाटलं नाही. "ग़लत लिखिए. झूठ तो आपने नहीं बोला."

"सही केली होती मी."

"आप मराठी लोग भी न," सरोजबाई म्हणाल्या आणि चहा मागवायला उठल्या.

शुभदाने कागद सावनीला दिला. सावनीने तो शेवटपर्यंत वाचला. तक्त्यापाशी थांबली आणि पेन मागून घेतलं. दुसऱ्या ओळीतला तीन पूर्णांक दोन तिनं खोडला आणि तीन पूर्णांक पंधरा शतांश केला.

"कर्व से इतना ही आता है. आपने ऊपर की तरफ़ गोल कर दिया था."

"बरोबर आहे तुझं."

"बाक़ी ठीक है. भेज दीजिए."

शुक्रवारी समितीला अकरा मिनिटं लागली. सावनीला आत बोलावलं, तिची वही पाहिली, नवे आकडे पाहिले आणि प्रबंध सादर करायला मंजुरी दिली. नंतर तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि शुभदाला पंचवीस मिनिटं ठेवून घेतलं. तिचं पत्र तिच्या स्वतःच्या फाइलीत लागेल आणि बढतीचा विचार पुढच्या वर्षी होईल, असं अध्यक्षांनी सौम्य शब्दांत सांगितलं. शुभदाला त्याचं जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं तितकं वाटलं नाही. थोडं वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा सावनी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली होती. निघून गेली असेल अशी शुभदाची समजूत होती.

"इतना टाइम?" सावनीने विचारलं.

"माझ्याशी बोलायचं होतं त्यांना."

"प्रमोशन?"

"पुढच्या वर्षी."

सावनीने मान हलवली. बाकावर जागा होती, शुभदा तिच्याशेजारी बसली. समोरच्या अंगणात माळी पाइपनं पाणी घालत होता.

"मॅम, मैं अभी भी नाराज़ हूँ."

"अस नाराज."

"ऐसा मत समझिएगा कि लेटर लिख दिया तो ख़त्म."

"नाही समजत."

"मंगल को आपने एक बार भी नहीं सोचा कि पहले पूछ लूँ, सैंपल कौन-से थे. सीधे मुझ पर आईं."

"हो," शुभदा म्हणाली. "तू जवळ होतीस म्हणून. स्वतःकडे पाहायला वेळ लागला मला."

सावनीने बॅगेतून प्रबंधाचा खर्डा काढला आणि दोघींच्या मध्ये ठेवला. चौथ्या प्रकरणात तिनं एक कोरा कागद खोचला होता, वर पेन्सिलीनं मथळा लिहिलेला.

"परिशिष्ट जोड़ना है. जो हुआ, वो डेटा तो है ही. तीन साइज़, एक जैसी रोशनी, चार महीने. किसी ने जान-बूझकर किया होता तो एक्सपेरिमेंट कहलाता." तिनं तो कागद शुभदाकडे सरकवला. "पर मुझे तारीख़ें चाहिए. आपने हेक्सेन कब-कब डाला, ठीक-ठीक."

"तारखा मी लिहून ठेवल्या नाहीत."

"याद कीजिए," सावनी म्हणाली आणि पेन्सिल पुढे केली. "जो याद न हो, वहाँ याद नहीं लिखिए. अंदाज़ा मत लिखिएगा."

शुभदाने पेन्सिल घेतली. पहिली तारीख तिला नक्की आठवत होती. दुसरीपाशी ती थांबली, जरा विचार केला, आणि तिथं आठवत नाही असं लिहिलं.